एक की नऊ : चकाकीखाली दडलेली अक्षरं

काकांचा शाळा सोडल्याचा दाखला कधी काळी कुणीतरी कौतुकाने लॅमिनेट करून ठेवला. त्यामुळे कागद वाचला, पण त्याचा फोटो काढणं अवघड होऊन बसलं. एका अर्जासाठी त्यांनी रात्री ट्यूबलाइटखाली मोबाइलने फोटो काढून पाठवला, तो 'जन्मतारीख वाचता येत नाही' या शेऱ्यासह परत आला. फोटो पाहिला तर खरंच, दाखल्याच्या बरोबर मधोमध डावीकडून उजवीकडे एक पांढराशुभ्र पट्टा आणि त्या पट्ट्याखाली जन्मतारखेच्या दोन्ही ओळी, अंकी आणि अक्षरी. पट्ट्याच्या कडेला तारखेच्या पहिल्या आकड्याचं वरचं टोक तेवढं डोकावत होतं. ते एकाचंही असू शकलं असतं, नवाचंही.

महाराष्ट्रातल्या त्या पिढीच्या दाखल्यांवर १ जून ही जन्मतारीख किती सापडते हे वेगळं सांगायला नको. शाळा जूनमध्ये सुरू व्हायच्या आणि घरच्यांना तारीख आठवत नसली की मास्तर १ जून लिहून मोकळे व्हायचे. काका मात्र ठाम होते. "अरे, माझी खरी तारीख लिहिली आहे. नऊ जून. सगळ्या वर्गात मी एकटा." पट्ट्याखाली नऊ आहे हे सिद्ध कसं करायचं, या निमित्ताने मी या प्रश्नात शिरलो. चकचकीत कागदाच्या फोटोतून चकाकी काढण्याचे जे चार-पाच मार्ग गेल्या काही दशकांत पुढे आले, त्यांतल्या प्रत्येकाला हा दाखला दाखवून पाहू.

आधी चकाकी म्हणजे काय ते नीट समजून घ्यायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. लॅमिनेट केलेल्या कागदावरून उजेड दोन वाटांनी कॅमेऱ्यात येतो. एक वाट कागदाची. उजेड फिल्ममधून आत जातो, कागदाच्या तंतूंत इकडेतिकडे विखुरतो आणि सगळ्या दिशांना बाहेर पडतो. पांढरा कागद असा सुमारे ऐंशी टक्के उजेड परत देतो, काळी शाई तीन-चार टक्के. अक्षरं दिसतात ती या फरकामुळे. दुसरी वाट फिल्मच्या वरच्या पृष्ठभागाची. तिथे चारेक टक्के उजेड आत न जाता आरशावरून परतावा तसा परततो. त्याला खाली कागद आहे की शाई याच्याशी काही देणंघेणं नसतं. आता चार टक्के म्हणजे क्षुल्लक वाटेल, पण ते कशाचे चार टक्के हे पाहायला हवं. कागदावर पडणारा उजेड खोलीभर पसरून पातळ झालेला असतो, तर आरशात दिसते ती खुद्द ट्यूब.

ढोबळ आकडे घेऊ. घरातल्या ट्यूबखाली टेबलावरच्या कागदाची तेजस्विता, समजा, ४० आहे आणि त्यावरच्या शाईची २. खुद्द ट्यूबची तेजस्विता याच एककात दहा हजारांच्या आसपास असते, म्हणजे तिचे चार टक्के झाले ४००. फिल्म आरशासारखी सपाट असेल तर हे ४०० एका अरुंद रेघेत येतात. प्रत्यक्षात लॅमिनेशन किंचित लाटालाटांचं असतं, त्यामुळे तीच रेघ आठपट रुंद पसरते आणि तितकीच पातळ होते. धरू की ५० उरले. तेव्हा पट्ट्यात कागद दिसतो ४० अधिक ५०, म्हणजे ९०, आणि शाई २ अधिक ५०, म्हणजे ५२.

नव्वद आणि बावन्न. फरक अजूनही ३८चाच आहे, चकाकी नव्हती तेव्हा होता तेवढाच. या विषयातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर ते हे: चकाकी अक्षरं पुसत नाही, ती वरून भर घालते. मग फोटोत ती पुसलेली का दिसली? कारण मोबाइलने एक्स्पोजर कागदाकडे पाहून लावलं. कागद छान पांढरा दिसावा म्हणून ४० ही पातळी वरच्या टोकाजवळ बसवली, आणि सेन्सरची मर्यादा आली ५० वर. त्यापुढचं सगळं २५५. नव्वदही २५५, बावन्नही २५५. पायलीचं माप भरलं की वरून ओतलेलं धान्य सांडतं आणि किती सांडलं ते मापाला कळत नाही, तसंच हे. अक्षरं सांडली ती इथे.

म्हणून हाती आलेल्या फोटोची पहिली तपासणी ही. कुठल्याही साध्या प्रोग्राममध्ये पट्टा मोठा करून पिक्सेलचे आकडे बघायचे. लाल, हिरवा आणि निळा तिन्ही २५५ असतील आणि तो भाग सलग असेल, तर त्या फोटोत तिथे काहीही उरलेलं नाही. कॉन्ट्रास्ट वाढवा, फिल्टर लावा, कुणा जाणकाराला दाखवा, नाही ते परत येणार नाही. आकडे २३०, २४०, २३५ असे हलत असतील तर मात्र आशा आहे. काकांच्या पहिल्या फोटोत पट्टाभर २५५ होते. तो फोटो बाजूला ठेवण्यावाचून इलाज नव्हता.

दिवाळीत गावी गेलो तेव्हा दाखला हातात घेतला. डोळ्यांनी तो अगदी सहज वाचता येतो, मान जराशी कलती केली की पट्टा सरकतो. आपण हे इतक्या नकळत करतो की चकाकी हा कॅमेऱ्याचा प्रश्न आहे याचा विसर पडतो.

पहिला प्रयोग फुकटचा. त्याच टेबलावर, त्याच ट्यूबखाली, मोबाइलच्या पडद्यावर पट्ट्यावरच बोट टेकवलं आणि शेजारी येणारी सूर्याची खूण खाली ओढली. एक्स्पोजर निम्मं झालं, म्हणजे छायाचित्रकारांच्या भाषेत एक स्टॉप खाली. सेन्सरची मर्यादा आता १०० वर गेली. ९० आणि ५२ दोन्ही मापात बसले, आणि आपल्या नेहमीच्या जेपेगच्या आकड्यांत ते साधारण २४३ आणि १९१ असे उतरले. बाकी कागद करडा आणि उदास दिसत होता, फोटो 'बिघडला' असंच कुणीही म्हणालं असतं, पण पट्ट्यातली अक्षरं फिकी का होईना, दिसू लागली. चकाकीच्या फोटोला अंधारा फोटो बरा. अंधारातून वर ओढता येतं, सांडलेलं भरून काढता येत नाही.

आता ही फिकी अक्षरं गडद करायची तर एक चूक हटकून होते. कागदपत्रांच्या बऱ्याच स्कॅनिंग अॅपमध्ये उजेड सारखा करण्याची सोय असते. आसपासच्या कोऱ्या कागदाची उजळी मोजायची आणि प्रत्येक पिक्सेलला तिने भागायचं. सावलीसाठी हे अगदी बरोबर आहे, कारण सावली गुणाकाराने काम करते, कागद आणि शाई दोन्हींचा उजेड ती सारख्याच प्रमाणात कमी करते. चकाकी बेरजेने काम करते. ५२ला ९०ने भागलं तर ०.५८ येतं, म्हणजे करडं अक्षर. वजाबाकी केली तर ९०चे ४० होतात आणि ५२चे २, म्हणजे मूळचीच शाई. किती वजा करायचं हे शेजारचा कोरा कागदच सांगतो: पट्ट्याबाहेर तो ४० आहे, इथे ९०, म्हणून चकाकी ५०. मात्र ही वजाबाकी जेपेगच्या आकड्यांवर थेट करायची नाही. ते आकडे डोळ्यांच्या सोयीसाठी वाकवलेले असतात, आधी ते उजेडाच्या सरळ प्रमाणात आणावे लागतात. कच्ची म्हणजे रॉ फाइल असेल तर ती मुळात सरळच असते.

या उपायाची मर्यादाही दाखल्यानेच दाखवली. जिथे फिल्म कागदाला नीट चिकटलेली होती तिथे ओळ स्वच्छ निघाली: 'एकोणीसशे अठ्ठावन्न' वाचता आलं. पण तारखेच्या पहिल्या आकड्यावर आणि अक्षरी ओळीच्या पहिल्या शब्दावर लॅमिनेशनला एक लांबट फुगा होता. फुग्याचा माथा लहानशा आरशासारखा वागतो. तिथे चकाकी पसरून ५० झालीच नव्हती, ती पूर्ण ४०० होती. मग कागद ४४० आणि शाई ४०२. दोन्ही मापात बसवायचे तर आणखी तीन स्टॉप खाली जावं लागतं, आणि मग राहिलेला ३८चा फरक सेन्सरच्या स्वतःच्या खरखरीत बुडू लागतो. चकाकी वजा करता येते, पण तिच्यासोबत आलेली खरखर वजा होत नाही, ती मागे राहते. म्हणजे एका फोटोतून निघेल ते निघालं होतं. आकडा अजून एक किंवा नऊ होता.

एका फोटोतूनच चकाकी वेगळी करण्याचा एक जुना आणि सुंदर विचार आहे, तो इथे सांगायला हवा, कारण शोधायला गेलं की पहिल्यांदा तोच सापडतो. स्टीव्हन शेफर यांनी १९८५ साली मांडलं की पृष्ठभागावरून परतणारा उजेड दिव्याच्या रंगाचा असतो आणि आतून विखुरून येणारा वस्तूच्या रंगाचा. लाल सफरचंदावरचा ठिपका पांढरा दिसतो तो यामुळे. रंगाच्या या फरकावरून प्रत्येक पिक्सेलमधला दिव्याचा वाटा काढून टाकता येतो. रॉबी टॅन आणि कात्सुशी इकेउची यांनी २००५ साली नक्षीदार, अनेकरंगी पृष्ठभागांसाठीही एकाच चित्रातून हे करून दाखवलं, आणि पुढे त्याच्या वेगवान आवृत्त्याही निघाल्या. सफरचंद, चिनी मातीची भांडी, प्लॅस्टिकची खेळणी यांच्यावर हे छान चालतं. कागदपत्रावर चालत नाही. कारण उघड आहे: पांढऱ्या कागदाचा स्वतःचा रंगच दिव्याचा रंग आहे. विखुरलेला उजेडही पांढरा, चकाकीही पांढरी. काळी शाई म्हणजे तोच पांढरा, फक्त कमी. वेगळं करायला रंगच नाही. काकांच्या दाखल्यावर या पद्धतीने मुख्याध्यापकांचा जांभळा शिक्का तेवढा उजळला असता, तारीख जशीच्या तशी राहिली असती.

मग खरा कामाचा मार्ग उरतो तो अनेक फोटोंचा. मान कलती करण्याचंच हे यांत्रिक रूप. कॅमेरा हलला की चकाकी सरकते, छापलेलं अक्षर जागचं हलत नाही. प्रत्येक जागेसाठी निरनिराळ्या फोटोंतलं सर्वांत गडद मूल्य घ्यायचं. चकाकी फक्त भर घालते, कधी कमी करत नाही, तेव्हा सर्वांत कमी मूल्य हे खऱ्याच्या सर्वांत जवळचं. प्रतिबिंब आणि त्यामागचं चित्र वेगळं करण्यासाठी न्यूनतम मूल्यांचं असं चित्र रिचर्ड झेलिस्की आणि सहकाऱ्यांनी २००० साली वापरलं होतं. सामान्य माणसाच्या खिशात ते आलं गूगलच्या फोटोस्कॅन या अॅपमधून, नोव्हेंबर २०१६ मध्ये. जुन्या छापील फोटोंसाठी केलेलं हे अॅप आधी एक फोटो घेतं, मग पडद्यावरच्या चार ठिपक्यांवर फोन फिरवायला लावतं, आणि पाच फोटो मिळून चकाकी घालवतं.

किती हलवायचं याचा हिशेब सोपा आहे. ट्यूब टेबलापासून १८० सेंटिमीटर वर आणि फोन ४० सेंटिमीटर वर असेल, तर फोन १० सेंटिमीटर सरकवला की पट्टा सुमारे ८ सेंटिमीटर सरकतो. पण कोणत्या दिशेने? चार फुटी ट्यूबचं प्रतिबिंब याच मापांत कागदावर जवळपास २२ सेंटिमीटर लांब पडतं, म्हणजे ए-फोर कागदाच्या पूर्ण रुंदीपेक्षा जास्त. ट्यूबच्या लांबीच्या दिशेने फोन थोडाफार हलवला तरी पट्टा स्वतःवरच सरकत राहतो आणि तारीख झाकलेलीच राहते. मी पहिल्यांदा नेमकं हेच केलं आणि पाच फोटो फुकट घालवले. ट्यूबला आडवं, म्हणजे काटकोनात, हलायला हवं. मग दोन फोटोंतच पट्टा तारखेवरून उतरतो.

पुढची पायरी फोटो एकमेकांवर बसवण्याची. कागद सपाट असेल तर एका फोटोतून दुसऱ्या फोटोत जाण्याचं गणित नेमकं आहे: दोन्हींतले चार जुळणारे बिंदू मिळाले की संपूर्ण पान बसतं. संगणक चार ऐवजी शेकडो बिंदू शोधतो आणि त्यांतले चुकीचे गाळतो. गाळणं फार आवश्यक आहे, कारण चकाकीच्या कडाही संगणकाला ठळक खुणा वाटतात, आणि त्या प्रत्येक फोटोत जागा बदलतात.

फुगा मात्र सपाट नव्हता. त्याने खालचा कागदही सुमारे ३ मिलिमीटर उचलला होता. ४० सेंटिमीटरवरून फोन १० सेंटिमीटर हलवला तर ३ मिलिमीटर उंचीवरचं अक्षर पानाच्या तुलनेत पाऊण मिलिमीटर सरकल्यासारखं दिसतं. माझ्या फोटोत मिलिमीटरला सुमारे सात पिक्सेल होते, म्हणजे पाच पिक्सेलांची चूक. ऐकायला लहान, पण अनुस्वाराचा ठिपका अर्धा मिलिमीटरच असतो. न्यूनतम मूल्य घेण्याचा दोष इथे उघडा पडतो. अक्षर दोन जागी दिसलं तर दोन्ही जागा गडद असतात, आणि गडद तेच निवडायचं असल्यामुळे दोन्ही राहतात. एका ठिपक्याचे दोन होतात, व चा ब होतो, एकाची शेपटी दुहेरी होऊन नवासारखी दिसू लागते. माझ्या पहिल्या जुळणीत आकडा स्पष्ट नऊ दिसत होता आणि काका खूश झाले होते. मला मात्र त्या नवाच्या कडेला एक फिकी दुसरी कड दिसत होती, आणि शेजारच्या सहाच्या आकड्यालाही तशीच. दुहेरी कड हीच या बिघाडाची खूण. पान पाचशे टक्के मोठं करून शिरोरेखा पाहायच्या. त्या जाड किंवा दुपदरी झाल्या असतील तर त्या भागातल्या कुठल्याच अक्षरावर विश्वास ठेवायचा नाही.

फोटोस्कॅनमध्ये यावर उपाय म्हणून पानाची ढोबळ जुळणी झाल्यावर भागाभागाने बारीक सरकवणूक केलेली असते, कारण जुने फोटोही क्वचितच सपाट असतात. घरी करणाऱ्यासाठी त्याहून सोपी वाट आहे: कॅमेरा हलवूच नये, दिवा हलवावा. फोन दोन स्टुलांवर आडव्या ठेवलेल्या पट्टीला बांधला, ट्यूब बंद केली आणि टेबललॅम्प एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, एकदा डोक्याच्या बाजूला ठेवून तीन फोटो घेतले. कॅमेरा जागचा न हलल्यामुळे जुळवायचं काहीच उरलं नाही, फुगा असो वा नसो. एक्स्पोजर मात्र बोट दाबून धरून कुलूपबंद करायला हवं. नाहीतर प्रत्येक फोटोत फोन आपल्या मनाने उजेड ठरवतो, आणि जो फोटो एकूणच गडद असेल तो सगळीकडे निवडला जातो. दिव्याची बाजू बदलली की पानावरचा उजेडही कमीजास्त होतो, म्हणून प्रत्येक फोटो आधी त्याच्यातल्या कोऱ्या कागदाच्या उजळीशी बरोबरीत आणायचा, मगच न्यूनतम काढायचं. आणि सावली टाळायची. सावली गडद असते आणि या पद्धतीला गडद म्हणजे खरं असंच वाटतं. माझ्या एका फोटोत फोनला बांधलेल्या दोरीची सावली होती, ती अंतिम चित्रात एखाद्या सहीसारखी उतरली.

दिव्यावर आलोच आहोत तर चकाकी मुळातच टाळण्याची युक्तीही सांगून टाकतो. कागदाच्या जागी छोटा आरसा पालथा न ठेवता उताणा ठेवायचा आणि कॅमेऱ्याच्या जागेवरून त्यात बघायचं. आरशात दिवा, खिडकी किंवा पांढरी भिंत दिसली तर तिथे चकाकी येणारच. आरसा पानाच्या चारही कोपऱ्यांवर फिरवून तो सगळीकडे अंधारा दिसेपर्यंत दिवे खाली, कडेला सरकवायचे. सपाट लॅमिनेशनला एवढं पुरतं. आणि सपाट लॅमिनेशनच असेल तर खरं म्हणजे झेरॉक्सच्या दुकानातला स्कॅनर सर्वांत चांगला, कारण त्यातला दिवा काचेखाली तिरका बसवलेला असतो आणि त्याचं प्रतिबिंब सेन्सरकडे येतच नाही. फुग्यांच्या लॅमिनेशनला मात्र स्कॅनरमध्येही चमकत्या रेघा येतात, कारण फुग्याचा कुठला ना कुठला उतार दिव्याला बरोबर सेन्सरकडे वळवतो.

अशा फुग्यांवर पोलरायझर कामाला येतो, आणि त्याबद्दल गैरसमजही भरपूर आहे. डेव्हिड ब्रूस्टर यांनी १८१५ साली दाखवलं की काचेसारख्या पृष्ठभागावरून एका ठरावीक कोनात परतणाऱ्या उजेडाची कंपनं एकाच दिशेत असतात. काचेसाठी हा कोन उभ्या रेषेपासून सुमारे ५६ अंशांचा. त्या कोनातून पाहिलं आणि भिंगापुढे पोलरायझर योग्य फिरवून धरला तर चकाकी जवळजवळ नाहीशी होते. पण कागदपत्राचा फोटो आपण समोरून काढतो. समोरून परतणारा उजेड मुळीच ध्रुवित नसतो, त्यामुळे नुसता पोलरायझर लावून काहीही होत नाही, फोटो फक्त अंधारतो. आणि ५६ अंशांतून काढावा तर पान एका दिशेने जवळजवळ निम्मं दाबलं जातं, मात्रा आणि अनुस्वार पिचून जातात. फिल्टर विकत घेतलेल्यांच्या तक्रारी बहुधा इथून येतात.

उपाय आहे दोन पोलरायझरांचा. एक दिव्यावर, एक भिंगावर, आणि दोघांची दिशा एकमेकींना काटकोनात. आरशासारखा परतणारा उजेड दिव्याने दिलेली दिशा तशीच ठेवतो, म्हणून भिंगावरचा पोलरायझर तो अडवतो. कागदात शिरून विखुरलेला उजेड दिशा विसरतो, म्हणून त्यातला निम्मा आत येतो. कोन कुठलाही असो, फुगा कितीही वाकडा असो. संग्रहालयांत तकतकीत चित्रांचे फोटो याच पद्धतीने काढतात. उजेड मात्र पाव किंवा त्याहून कमी उरतो, तेव्हा एक्स्पोजर लांब आणि फोन स्थिर हवा.

घरी दिव्यासाठी पोलरायझर कुठून आणणार? पुतणीच्या टेबलावर जुना एलसीडी मॉनिटर होता. एलसीडीचा उजेड मुळातच ध्रुवित असतो. खोलीत अंधार केला, मॉनिटरवर कोरं पांढरं पान उघडलं, दाखला त्याच्यासमोर ठेवला, आणि भिंगापुढे पोलराइज्ड गॉगलची काच धरून फिरवू लागलो. एका कोनात मॉनिटरचं प्रतिबिंब विझलं आणि फुग्याखालची शाई वर आली. फक्त फुग्याच्या कडेला जांभळट-हिरव्या इंद्रधनुषी रेघा राहिल्या. लॅमिनेशनची फिल्म ताणून बनवलेल्या पॉलिएस्टरची असते, आणि अशा फिल्ममधून जाताना उजेडाची दिशा फिरते. फिल्मच्या वरच्या पृष्ठभागावरून परतलेला उजेड फिरत नाही, तो अडतो. पण फुग्यात फिल्मच्या खाली हवा असते. त्या खालच्या पृष्ठभागावरून परतणारा उजेड फिल्ममधून दोनदा जातो, थोडा फिरतो, आणि रंगीत होऊन निसटतो. या रेघा दिसल्या की घाबरायचं कारण नाही, दाखला जरा फिरवला की त्या जागा बदलतात. एक तोटा मात्र खरा आहे. होलोग्राम किंवा सोनेरी फॉइलचा शिक्का या पद्धतीत काळा पडतो, कारण धातू उजेड विखुरत नाही. ज्या कागदावर तो शिक्काच पुरावा असेल त्याचा एक साधा फोटोही सोबत ठेवावा.

उरला तो सध्या सगळ्यांत जास्त बोलबाला असलेला मार्ग: हजारो चित्रांवर शिकवलेलं न्यूरल जाळं, जे एकच फोटो घेऊन चकाकी काढून देतं. त्याला शिकवायला चकाकीचं आणि बिनचकाकीचं अशी चित्रांची जोडी लागते, आणि ती अनेकदा पोलरायझर फिरवून बनवतात. २०२१ साली शियू हौ आणि सहकाऱ्यांनी खास मजकूर असलेल्या कागदपत्रांसाठी, ओळखपत्रांसारख्या, असं काम प्रसिद्ध केलं आणि निकालही अक्षरं किती ओळखता आली यावर तपासला. हा निकष महत्त्वाचा आहे. चित्र मूळ चित्राच्या किती जवळ आहे हे मोजण्याची नेहमीची मापं संपूर्ण पानाची सरासरी काढतात, त्यांना एक अनुस्वार गेल्याचं काहीच वाटत नाही.

जिथे आकडे २४०च्या आसपास हलत होते तिथे ही जाळी खरंच छान काम करतात, माझ्या हाताने केलेल्या वजाबाकीपेक्षा कितीतरी सफाईने. पण जिथे तिन्ही आकडे २५५ आहेत तिथे ती वाचत नाहीत, अंदाज करतात, आणि अंदाज अगदी त्याच टाइपात, त्याच शाईत छापून देतात. दिसायला स्वच्छ पण मजकूर चुकीचा, या प्रकाराचा धडा एकदा मिळालेला आहे. २०१३ साली जर्मनीच्या डेव्हिड क्रीझेल यांच्या लक्षात आलं की झेरॉक्स कंपनीची काही यंत्रं स्कॅन करताना चित्र आटवण्याच्या नादात सारखे दिसणारे तुकडे एकमेकांच्या जागी वापरत होती, आणि ६च्या जागी ८ येत होता. कंपनीला दुरुस्ती काढावी लागली. त्यात आकडा पुसट झाला असता तर कुणालाही शंका आली असती. तो सुबक होता म्हणूनच लबाडी खपून गेली.

काकांच्या दाखल्याचा पहिला, पांढरा पट्टा असलेला फोटो अशा एखाद्या जाळ्याला दिला आणि ते महाराष्ट्रातल्या शाळांच्या दाखल्यांवर शिकलेलं असेल, तर ते काय छापेल? एक जून. शंभरदा दिलं तर शंभरदा. आणि बहुतेक दाखल्यांच्या बाबतीत ते बरोबरही ठरेल, हीच खरी पंचाईत. म्हणून माझा नियम असा: सगळ्या फोटोंत मिळून जो भाग एकदाही मापात बसलेला नाही, तो अंतिम चित्रात भरायचा नाही. तिथे आडव्यातिडव्या रेघा मारून मोकळं व्हायचं. वाचणाऱ्याला कळू दे की इथे दिसलं नाही.

काकांच्या दाखल्यावर रेघा माराव्या लागल्या नाहीत. तीन दिव्यांच्या फोटोंचं न्यूनतम आणि गॉगलमधून काढलेला फोटो शेजारी ठेवले. दोन्हींत शिरोरेखा एकेरी होत्या, सहाला दुसरी कड नव्हती. अंकी ओळीतला पहिला आकडा नऊच होता. तरीही एक आणि नऊ यांतला फरक एका वळणाचा, म्हणून खालची अक्षरी ओळ पाहिली. फुग्याच्या बरोबर पोटाखाली, जरा निळसर रेघेआड, टाकाने लिहिलेलं होतं: 'नऊ जून'. ऊ च्या शेपटीला शाईचा एक डागही होता, तो दोन्ही फोटोंत एकाच जागी होता.

अर्जासोबत जोडणीचं चित्र पाठवलं, आणि त्याच्यामागे ते चारही मूळ फोटो, काहीही न करता, जसे होते तसे. काकांना एवढा खटाटोप पटला नाही. "मी सांगत होतोच की," म्हणाले, आणि कात्री घेऊन लॅमिनेशन कापायला बसले. ते मात्र आम्ही सगळ्यांनी मिळून थांबवलं, कारण चिकटलेली फिल्म ओढली तर तिच्याबरोबर शाईही निघून येते.